क्षेत्र-डायऱ्यांची पेटी: प्रबंध सादर करणाऱ्या मैत्रिणीसाठी (प्रकल्प नोंदी, नागपूर)

२ मे

मैत्रिणीचा प्रबंध जूनच्या तिसऱ्या आठवड्यात विद्यापीठात सादर होणार आहे. विषय भंडारा-गोंदियाकडच्या माजी मालगुजारी तलावांचा, म्हणजे लोक ज्यांना मामा तलाव म्हणतात त्यांचा. भेट काय द्यायची यावर आज तिघांचं बोलणं झालं.

पहिली सूचना प्रबंधाचीच एक देखणी, कापडी बांधणीची प्रत करून देण्याची होती. ती बाजूला ठेवली. सादर केलेला प्रबंध बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, त्यांचे अहवाल येतात, मग मौखिक परीक्षा होते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार ही सगळी प्रक्रिया सादर केल्यापासून सहा महिन्यांत संपवायची असते. या काळात दुरुस्त्या निघू शकतात, एखादा तक्ता बदलू शकतो. जूनमध्ये सोनेरी अक्षरांत बांधलेली प्रत डिसेंबरात जुनी ठरली, तर ती कपाटात ठेवायलाही नको वाटते. अशी प्रत द्यायचीच तर मौखिक परीक्षेनंतर द्यावी.

शिवाय प्रबंध कुठे हरवत नाही. विद्यापीठात प्रती जातात, मार्गदर्शकांकडे एक राहते, शोधगंगेवर फाइल चढते. एकच प्रत असते ती क्षेत्र-डायऱ्यांची. मैत्रिणीच्या चार आहेत. तलावांच्या पाळीवर उभं राहून लिहिलेल्या, मधे चिठ्ठ्या, सातबाराच्या झेरॉक्स आणि नकाशांचे तुकडे चिकटवलेल्या, म्हणून फुगलेल्या. सध्या त्या रबर लावून प्लास्टिकच्या पिशवीत आहेत. परीक्षकांचा प्रश्न आला की उत्तर शोधायला पुन्हा याच उघडाव्या लागणार.

म्हणून ठरलं ते असं: चारही डायऱ्या नेमक्या मावतील अशी पुस्तकासारखी उघडणारी कापडी पेटी. दोन ट्रे, एक दुसऱ्यावर झाकण म्हणून बसणारा, दोन्ही एका कव्हरला चिकटवलेले. उघडली की सपाट पडते, त्यामुळे टेबलावर डायरी काढताना ओढाताण होत नाही.

४ मे

मापं घेतली. मैत्रिणीच्या आईनं संध्याकाळी तासाभरासाठी डायऱ्या काढून दिल्या.

माप घेताना डायरी न दाबता घ्यायचं, ही पहिली गोष्ट. हातानं दाबून जाडी घेतली की २ ते ४ मिलिमीटर कमी भरते, आणि पेटी झाली की डायऱ्या कोंबाव्या लागतात. कोंबलेल्या डायरीच्या कडेनं बाहेर आलेल्या चिठ्ठ्या सर्वांत आधी फाटतात. टेबलावर डायरी ठेवायची, वर हलकी पट्टी आडवी धरायची आणि सर्वांत फुगलेल्या जागी उंची मोजायची. लांबी-रुंदीसुद्धा पुठ्ठ्याची नाही, बाहेर आलेल्या कागदासकट घ्यायची.

चारही डायऱ्यांची लांबी-रुंदी सारखी भरली: २१.४ आणि १४.४ सेंटिमीटर. जाडी मात्र वेगवेगळी: २.६, ३.१, २.२ आणि २.९. एकावर एक चारही ठेवल्या तर उंची ११ सेंटिमीटरच्या जवळ जाते आणि तळची डायरी काढायला वरच्या तीन उचलाव्या लागतात. म्हणून दोन-दोनच्या दोन चळती शेजारी शेजारी. जाड आणि बारीक अशा जोड्या लावल्या तर एक चळत ५.५ ची, दुसरी ५.३ ची होते. मधे पुठ्ठ्याची एक भिंत.

डायऱ्यांना बाकी हात लावला नाही. काही पानांना टाचण्या आहेत, त्या गंजल्या आहेत. दोन ठिकाणी चिकटपट्टी पिवळी पडली आहे. हे दिसलं की काढून टाकावंसं वाटतं, पण कुठली चिठ्ठी कुठल्या पानावर आहे यालाही संशोधनात अर्थ असतो. ते काम मैत्रिणीचं आहे, ती म्हणेल तेव्हा. स्कॅन करून ठेवण्याची कल्पनाही सोडली. मुलाखती देणाऱ्यांची नावं त्यात आहेत आणि ती गुप्त ठेवण्याचा शब्द तिनं दिलेला असणार.

७ मे

सामान आणलं. इतवारीतून अडीच मिलिमीटर जाडीचे ग्रे बोर्डचे दोन मोठे ताव, साधारण ६४ बाय ७६ सेंटिमीटरचे. सगळे तुकडे मिळून एका तावात बसतील एवढंच क्षेत्रफळ होतं, पण तुकडे एकाच दिशेनं कापायचे असल्यामुळे वाया जाणारा भाग वाढतो. दुसरा ताव चुकीसाठीही लागतोच.

पिवळसर गवती पुठ्ठा, ज्याला दुकानात स्ट्रॉबोर्ड म्हणतात, तो मुद्दाम घेतला नाही. स्वस्त आहे, पण त्यात आम्लाचं प्रमाण जास्त असतं, काही वर्षांत ठिसूळ होतो आणि त्याला टेकलेला कागद तांबूस होतो. ग्रे बोर्डही पूर्ण आम्लमुक्त नसतो, म्हणून आतून चांगल्या कागदाचं अस्तर लावायचं आहे.

कापड भंडाऱ्याकडचा कोसा, एक मीटर. सगळ्या खर्चात हाच महाग पडला. डायऱ्यांतले तलाव ज्या जिल्ह्यात आहेत तिथलंच कापड असावं, असं सगळ्यांना वाटलं. कोसा पातळ आणि सैल विणीचा असतो, सरस आरपार येतो, त्यामुळे त्याला आधी कागदाचं अस्तर द्यावं लागेल. त्यासाठी हातकागदाचे पातळ ताव, ३० जीएसएमचे. ट्रेच्या आतल्या अस्तरासाठी जाडसर हातकागद, १०० जीएसएमचा.

बाकी सामान: मैदा, फेविकॉल, दोन इंची चपटा ब्रश, स्टीलची पट्टी, कटरची पाती भरपूर, बारीक सँडपेपर. पात्यांवर काटकसर करू नये. अडीच मिलिमीटरचा बोर्ड पाच-सहा कापांत पातं बोथट करतो, आणि बोथट पात्यानं कड तिरपी कापली जाते. तिरप्या कडेची भिंत सरळ उभी राहत नाही.

९ मे

बोर्डाचा ग्रेन पाहिला. ग्रेन म्हणजे आतल्या तंतूंची दिशा. ताव दोन्ही हातांत धरून आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं हलका वाकवायचा. ज्या बाजूनं सहज वाकतो, त्या वाकाच्या रेषेला समांतर ग्रेन असतो. पेन्सिलीनं सगळ्या तावावर बाण काढून ठेवले, कारण तुकडे केल्यावर लहान तुकड्यात ग्रेन ओळखता येत नाही.

सर्व तुकड्यांचा ग्रेन पेटीच्या पाठीला समांतर ठेवायचा. ओलाव्यानं बोर्ड ग्रेनच्या आडव्या दिशेनं फुगतो, लांबीच्या दिशेनं फारसा नाही. झाकणाचा ग्रेन एका दिशेला आणि तळाचा दुसऱ्या दिशेला असेल, तर पावसाळ्यात दोन्ही वेगवेगळे वाकतात आणि पेटी मिटत नाही. नागपुरात हे जास्त जाणवतं. मेमधल्या दुपारी हवा पापडासारखी कोरडी, आणि जुलैत तीच ओलीचिंब. इथली पेटी या दोन्हींत मिटली पाहिजे.

आतल्या ट्रेची मापं अशी निघाली. दोन डायऱ्यांची रुंदी २८.८, मधल्या भिंतीला ०.३, आणि प्रत्येक चळतीला दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर मोकळीक, म्हणजे ०.८. एकूण आतली लांबी २९.९. रुंदी २१.४ अधिक ०.४, म्हणजे २१.८. भिंतीची उंची ५.५ अधिक ०.३, म्हणजे ५.८. पाठीच्या बाजूला भिंत नसते, तीनच भिंती. त्या तळाच्या बोर्डावर उभ्या राहतात, म्हणून तळ लांबीत दोन बोर्डांइतका आणि रुंदीत एका बोर्डाइतका मोठा कापायचा: ३०.४ बाय २२.१.

बाहेरच्या ट्रेची मापं आज कागदावर काढली, पण कापला नाही. कापड चढल्यावर आतला ट्रे प्रत्यक्षात किती भरतो ते मोजूनच कापायचा. पेट्या बिघडतात त्या बहुतेक इथेच: दोन्ही ट्रे हिशेबानं एकाच दिवशी कापले जातात, कापड आणि सरसाची जाडी धरायची राहते, आणि झाकण आतल्या ट्रेवर अडकतं.

१० मे

आतला ट्रे उभा केला. भिंतीच्या खालच्या कडेला फेविकॉलची बारीक रेघ, तळावर ठेवून आतून लाकडी ठोकळ्याचा आधार, दहा मिनिटं धरून ठेवायचं. आधी पुढची भिंत, मग दोन बाजूच्या. सांध्यातून बाहेर आलेला सरस ओला असतानाच काडीनं काढायचा. वाळला की कडक दोरा होतो आणि कापडातून वर दिसतो.

पुढच्या भिंतीला बोटखाचा कापल्या आहेत. दोन्ही चळतींच्या मध्यावर एकेक अर्धगोल, ४ सेंटिमीटर रुंद, २.५ खोल. त्याशिवाय नेमक्या मापाच्या पेटीतून डायरी बाहेर काढता येत नाही, लोक पेटी उलटी करून आपटतात. खाच भिंत चिकटवायच्या आधी कापावी. उभी केल्यावर कटर नीट फिरत नाही. इथे आधी कापली आणि कड सँडपेपरनं गोल केली.

१३ मे

कोशाला अस्तर. हे सर्वांत नाजूक काम आहे, म्हणून सविस्तर लिहून ठेवते.

खळ आदल्या रात्री केली. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी. मैदा आधी एका वाटी थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, उरलेलं पाणी उकळून त्यात तो सोडायचा आणि मंद आचेवर सारखं ढवळत राहायचं. आधी दुधासारखी पांढरी असते, मग दहाएक मिनिटांत काचेसारखी अर्धपारदर्शक होते आणि चमच्यावरून जाड धारेनं पडते. तिथे उतरवायची. गार झाल्यावर मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यायची. जुने बाइंडर किडीसाठी खळीत मोरचूद घालतात. इथे नाही घातला. तो विषारी आहे, हाताला लागतो आणि फिक्या कापडावर निळसर डाग येऊ शकतो. त्याऐवजी थोडं लवंगेचं तेल, वाटीला चार-पाच थेंब. तरीही या हवेत खळ फ्रिजबाहेर दुसऱ्या दिवशी आंबते. आंबट वास आला की टाकून द्यायची, ती चिकटत नाही.

कोसा आधी साध्या पाण्यात बुडवून, सावलीत वाळवून, इस्त्री केला. त्यात तो थोडा आटला. हे आधी झालं नाही तर पेटीवर चढवल्यावर आटतो आणि बोर्ड ओढतो.

पहिला प्रयत्न फसला. कापडाच्या उलट बाजूवर खळ लावून वर कागद ठेवला होता. खळ विणीतून पलीकडे गेली आणि सुलट बाजूला कडक, चकाकणारे ठिपके उठले. वाळल्यावर ते निघत नाहीत. तेवढा तुकडा वाया गेला, नशिबानं तो हातभराचा नमुन्याचा तुकडा होता.

बरोबर रीत अशी. काचेसारख्या गुळगुळीत टेबलावर कोसा उलटा अंथरायचा आणि फवाऱ्यानं सगळीकडे सारखा ओला करायचा. अर्धवट ओला केला तर रेशमावर पाण्याच्या कडा उमटतात, म्हणून पूर्ण ओला. हातानं सळ काढून, आडवे-उभे धागे काटकोनात आणून घ्यायचे. मग खळ लावायची ती कागदाला. कागद दुसरीकडे पालथा ठेवून मधून कडेकडे ब्रश मारायचा, दोन मिनिटं थांबायचं म्हणजे कागद ओलावा घेऊन ताणून होतो. नंतर दोघांनी दोन टोकं धरून कापडावर उतरवायचा आणि कोरड्या ब्रशनं मधून बाहेर घोटायचा. कागद कापडापेक्षा चारही बाजूंनी दोन सेंटिमीटर मोठा असावा. त्या कडेला पुन्हा खळ लावून अख्खं ओलं अस्तर उचलून उभ्या प्लायवर कडेनंच चिकटवायचं, आणि एका बाजूला कागदाची बारीक पट्टी मधे ठेवायची. वाळताना ते ढोलाच्या कातड्यासारखं ताणतं, त्यामुळे सुरकुती राहत नाही. पट्टीच्या जागेतून सुरी घालून सोडवायचं.

कूलर बंद ठेवला होता. कूलरच्या झोतासमोर एक बाजू ओली आणि दुसरी कोरडी राहते. खोली बंद, पंखाही बंद, रात्रभर. सकाळी अस्तर लावलेला कोसा कागदासारखा कापला गेला, धागा न सुटता.

१७ मे

आतल्या ट्रेवर कापड चढवलं. तिन्ही भिंतींना बाहेरून गुंडाळून, वरच्या कडेवरून आत वळून तळापर्यंत जाणारी एकच पट्टी, ७९ सेंटिमीटर लांब आणि १५ रुंद. कोपऱ्यावर आतल्या बाजूला कापड दुमडून जाड होतं, तिथे काप देऊन जास्तीचं काढून टाकलं. बोटखाचेवर कापडाला सात-आठ उभे काप देऊन एकेक जीभ आत वळवली, आणि आतून अस्तराचा कागद त्यावर आला.

नुसता फेविकॉल या हवेत चालत नाही. दुपारी ४४ अंशांत ब्रश मारून होईपर्यंत पहिल्या टोकावर साय धरते आणि तिथे कापड फुगा धरून राहतं. दोन भाग फेविकॉलला एक भाग खळ मिसळली की हात फिरवायला तीन-चार मिनिटं मिळतात, कापड सरकवून बसवता येतं. तरीही काम सकाळी सातच्या आत किंवा रात्री.

मधली भिंत आणि आतलं अस्तर बसवलं. कापड चढल्यावर ट्रेची बाहेरची मापं पुन्हा घेतली: ३०.५ बाय २२.१५, उंची ६.१. हिशेबानं कापडाला एवढीच जागा धरली होती, तरी ती मोजून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही.

१९ मे

बाहेरचा ट्रे. आतल्या ट्रेच्या भोवती दोन्ही बाजूंना एक-एक मिलिमीटर आणि पुढच्या बाजूला दीड मिलिमीटर मोकळीक ठेवली. भिंतीची उंची ६.२, म्हणजे पालथा घातल्यावर त्याच्या भिंती कव्हरला टेकतात आणि आतल्या ट्रेच्या कडेवर भार येत नाही. एक मिलिमीटरपेक्षा कमी ठेवली तर पावसाळ्यात अडकेल. दोनपेक्षा जास्त ठेवली तर झाकण खुळखुळतं आणि धूळ आत जाते.

२३ मे

कव्हर: दोन बोर्ड ३१.८ बाय २२.९ चे, मधे पाठीची पट्टी ६.५ रुंद, बोर्ड आणि पाठ यांच्यामधे सहा-सहा मिलिमीटरचा मोकळा सांधा. पाठीची रुंदी ही बाहेरच्या ट्रेची कापडासकट उंची. ती कमी पडली तर पेटी पाचरीसारखी मिटते, पुढून तोंड उघडं राहतं. खात्री करायला जाड कागदाचं खोटं कव्हर करून दोन्ही ट्रे त्यात मिटून पाहिले, मगच बोर्ड कापला.

कोसा चढवला आणि पंख्याखाली वाळायला ठेवला. ही चूक झाली. तीन तासांत पुढचा बोर्ड बाहेरच्या बाजूला वाटीसारखा ओढला गेला. स्टीलची पट्टी आडवी ठेवून मोजलं तर मधे चार मिलिमीटरची पोकळी.

कारण साधं आहे. ओलं कापड ताणलेलं असतं, वाळताना आटतं आणि बोर्डाला आपल्याकडे खेचतं. दुसऱ्या बाजूला खेचणारं काहीच नव्हतं. महाल भागातल्या जुन्या बाइंडर काकांना दाखवलं. त्यांनी हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "ताई, तुम्ही पंख्याखाली सुकवून राहिल्या, म्हणून वाकून राहिला. आतून कागद लावा, वजन ठेवा अन् दोन दिवस त्याच्याकडे पाहू नका."

आतल्या बाजूनं १०० जीएसएमचा हातकागद, ग्रेन बोर्डाच्याच दिशेनं, जास्त खळ लावून. खळ जास्त म्हणजे कागद जास्त ताणतो आणि वाळताना जास्त ओढतो, इथे तेच हवं होतं. वर-खाली टीपकागद, दोन प्लाय, वर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा विटा. टीपकागद पहिल्या दिवशी दोनदा बदलले.

२६ मे

विटा काढल्या. पोकळी एक मिलिमीटरवर आली. ट्रे चिकटल्यावर तीही जाईल, कारण ट्रेचा तळ बोर्डाला सपाट धरून ठेवतो.

२८ मे

ट्रे कव्हरवर चिकटवले. झाकणाच्या बाजूला मोठा, तळाच्या बाजूला लहान. दोन्हींची उघडी बाजू पाठीच्या सांध्याला काटेकोर लागून हवी. इथे दोन मिलिमीटरही आत सरकला तर मिटताना सांधा ताणतो. लहान ट्रे उंचीच्या दिशेनं मधोमध, वर-खाली साडेसहा-साडेसहा मिलिमीटर सोडून. ओल्या सरसावर ट्रे ठेवून लगेच एकदा पेटी मिटून पाहिली, ट्रे थोडा सरकवून जुळवला, मग उघडून दोन्ही ट्रेमधे विटा. चोवीस तास.

३१ मे

पाठीवरची चिठ्ठी. पाठीच्या बोर्डावर कापड चढवायच्या आधीच एक मिलिमीटरच्या पुठ्ठ्याची चौकट चिकटवून खोलगट जागा केली होती. त्यात बसलेल्या कागदाच्या कडा बाजूची वस्तू घासून सुटत नाहीत.

अक्षरांसाठी तीन पेनं पाहिली. लिहून एक तास वाळू दिलं आणि ओल्या कापसाच्या बोळ्यानं पुसलं. जेल पेन वाहून गेलं, फाउंटन पेनची शाई पसरली, पिगमेंट शाईचं पेन जसंच्या तसं राहिलं. त्यानंच लिहिलं.

मजकुरावर मात्र वेळ गेला. गावांची आणि तलावांची नावं घालायची इच्छा होती. मग लक्षात आलं की कपाटातल्या पाठीवर गावाचं नाव वाचून कुणीही सहज डायरी काढून बघेल, आणि आत लोकांची नावं आहेत. म्हणून फक्त "क्षेत्र-नोंदी १ ते ४" आणि खाली कामाची वर्षं.

१ जून ते १२ जून

पेटी उघडी ठेवून वाळवली. वरून कोरडी लागली तरी सांध्यात आणि ट्रेच्या तळाखाली ओल राहते. लगेच डायऱ्या घालून मिटली तर ती ओल कागदात जाते आणि पहिल्या पावसात बुरशी धरते. ओळखायची खूण सोपी आहे: ट्रेच्या तळाला गाल लावायचा. खोलीतल्या कोरड्या पुठ्ठ्यापेक्षा गार लागलं, तर अजून ओल आहे. पाचव्या दिवशी गार लागत होतं, दहाव्या दिवशी नाही. दोन दिवस आणखी ठेवली.

किडीसाठी डांबरगोळ्या ठेवल्या नाहीत. बंद पेटीत त्यांचा वास कागदात मुरतो, डायरी उघडणाऱ्याला तो त्रासदायक होतो, आणि प्लास्टिकच्या काही पिशव्या-फोल्डर त्यानं चिकट होतात. मलमलच्या लहान पुरचुंडीत वेखंडाचे दोन कोरडे तुकडे बांधून मधल्या भिंतीला दोऱ्यानं अडकवले, कागदाला टेकणार नाहीत असे. त्यानं कसर मरत नाही, लांब राहते इतकंच. खरा उपाय म्हणजे पेटी भिंतीला लागून असलेल्या कपाटात न ठेवणं आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा उघडून डायऱ्यांची पानं चाळणं. हे एका कार्डावर लिहून पेटीत ठेवलं. पेटीला प्लास्टिकची पिशवी घालू नये, हेही त्यात आहे. पिशवीत ओल कोंडते.

१९ जून

प्रबंध आज सादर झाला. पेटी संध्याकाळी रविनगरला तिच्या घरी दिली. डायऱ्या तिनंच लावल्या. २.६ आणि २.९ ची जोडी डावीकडे, ३.१ आणि २.२ ची उजवीकडे. डाव्या चळतीवर तीन मिलिमीटर जागा राहिली, उजवीकडे पाच. झाकण बसलं.

६ जुलै

पाऊस सुरू होऊन दोन आठवडे झाले. मैत्रिणीचा फोन आला, झाकण उघडताना जड जातंय. जाऊन पाहिलं. बोर्ड फुगला आहे, पुढच्या बाजूची दीड मिलिमीटरची फट आता पातळ कागदाइतकी उरली आहे. बाजूच्या फटी मात्र जवळपास तशाच आहेत, कारण ती दिशा ग्रेनच्या लांबीची. अडचण एकाच जागी आहे: पुढच्या डाव्या कोपऱ्यात कापडाचा दुमड जाड राहिला आहे. तिथे पातळ टीपकागद ठेवून वरून गरम इस्त्रीचं टोक पाच-पाच सेकंद दाबलं. दुमड बसला, झाकण सुटलं. पेटी दुसऱ्यांदा करायची तर पुढची मोकळीक दीडऐवजी दोन मिलिमीटर ठेवावी लागेल. मापांच्या वहीत तशी दुरुस्ती केली.

डायरी क्रमांक ३ तेव्हा पेटीत नव्हती. तिच्या जागी मैत्रिणीनं स्वतःच कापलेलं एक जाड कार्ड होतं, त्यावर पेन्सिलीनं: "३ बाहेर. टेबलावर. तक्ता पुन्हा तपासतेय."